आदर्श वायूतील ध्वनीचा वेग

आदर्श वायूतून ध्वनी किती वेगाने जातो हे तीन गोष्टींवर ठरते : वायूचे निरपेक्ष तापमान T, त्याचे मोलर वस्तुमान M आणि उष्माधारकतांचे गुणोत्तर γ. स्थिर दाबाखालची उष्माधारकता भागिले स्थिर आकारमानाची उष्माधारकता, म्हणजे γ. कोरड्या हवेसाठी त्याचे मूल्य १.४० आहे. R हा वायू स्थिरांक धरल्यास वेगाचे सूत्र असे :

v = √(γRT/M)

न्यूटनने १६८७ मध्ये हा वेग मांडताना तरंग जात असता हवेचे तापमान बदलत नाही असे धरले होते. त्यामुळे त्याच्या सूत्रात γ नव्हता आणि उत्तर मोजलेल्या वेगापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी येत होते. ही त्रुटी पुढे लाप्लासने दूर केली. संपीडनात हवा दाबली जाते तशी ती किंचित तापते आणि विरलनात तशीच थंड होते. ५१२ हर्ट्‌झच्या स्वरात संपीडन आणि शेजारचे विरलन यांत सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर असते, तर त्यांची अदलाबदल होण्यास लागणाऱ्या सुमारे एका मिलिसेकंदात उष्णता हवेतून एक मिलिमीटरसुद्धा पसरत नाही. म्हणून ही उष्णता जागच्या जागीच राहते, प्रक्रिया ॲडियाबॅटिक होते, आणि तापलेली हवा दाबाला अधिक जोराने प्रतिकार करते. हा वाढलेला ताठपणाच γ च्या रूपाने सूत्रात येतो.

तापमानाबरोबर वेग का वाढतो, याचे ‘गरम हवा विरळ असते म्हणून’ हे उत्तर अपुरे आहे. उघड्यावर तापलेल्या हवेचा दाब तोच राहतो व घनता घटते. पण बंद बाटलीतील हवा तापवली तर घनता तीच राहून दाब वाढतो, आणि तरीही वेग तेवढाच वाढतो. दोन्हींत दाब आणि घनता यांचे गुणोत्तर सारखेच वाढलेले असते, कारण ते केवळ RT/M इतके असते. हललेला रेणू धडकेतून आपला धक्का शेजाऱ्याकडे देतो, आणि रेणू मुळात जितके वेगाने धावत असतील तितकीच ही देवघेव लवकर होते. हवेत ध्वनीचा वेग रेणूंच्या वर्गमध्यमूळ वेगाच्या सुमारे ६८ टक्के असतो. ठाण्यात जानेवारीतल्या पहाटे १७ अंश सेल्सिअस आणि मे महिन्यातल्या दुपारी ३७ अंश तापमान धरले, तर कोरड्या हवेत हा वेग अनुक्रमे ३४१ आणि ३५३ मीटर प्रतिसेकंद येतो. T केल्विनमध्ये घ्यायचे असल्याने १७ चे ३७ होणे म्हणजे दुप्पट होणे नव्हे, २९० चे ३१० होणे आहे. फरक त्यामुळेच इतका माफक दिसतो.

हेच सूत्र उलटे वापरून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत γ काढता येतो. पाण्याची पातळी वरखाली करता येईल अशा रेझोनन्स ट्यूबच्या तोंडाशी ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा धरतात आणि आवाज एकदम मोठा होईल त्या पहिल्या दोन जागांची हवेची लांबी मोजतात. या दोन लांबींतला फरक अर्ध्या तरंगलांबीइतका असतो. नळीच्या तोंडाची दुरुस्ती वजाबाकीतच निघून जाते. समजा जुलैतल्या ठाण्यात, २७ अंशांना, या लांबी १६.१ आणि ५०.२ सेंटिमीटर भरल्या. फरक ०.३४१ मीटर, म्हणून वेग २ × ५१२ × ०.३४१, म्हणजे ३४९.२ मीटर प्रतिसेकंद. M साठी कोरड्या हवेचे ०.०२८९७ किलोग्रॅम प्रतिमोल घेतल्यास γ = १.४१६ येतो.

हे उत्तर थोडे जास्तच आहे. हवेचा जवळजवळ सगळा भाग द्विअणू वायूंचा असून त्यांच्या रेणूंना नेहमीच्या तापमानाला पाच स्वातंत्र्यमात्रा असतात, म्हणून γ सात-पंचमांश, म्हणजे १.४० च्या आसपासच हवा. दोष नादकाट्याचा असेलच असे नाही. नळीत खाली पाणी असते आणि बाहेर पावसाळी हवा. आतली हवा बाष्पाने भरलेली धरली, तर २७ अंशांना दर शंभर रेणूंत साडेतीन पाण्याचे असतात. पाण्याचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका असल्याने M ०.०२८५९ पर्यंत उतरते आणि γ १.३९८ येतो. दमट हवा जड असते हा आपला रोजचा समज इथे नेमका उलटा ठरतो. मात्र लांबीतल्या फरकात एका मिलिमीटरची चूक झाली तरी γ ०.००८ ने हलतो, त्यामुळे बाष्पाचा परिणाम ओळखायचा असेल तर प्रत्येक जागा पाणी चढवताना आणि उतरवताना, अशी दोन्हीकडून अनेकदा वाचावी लागते. सूत्राने वेग काढताना उत्तर ११ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास आले, तर M ग्रॅममध्येच राहिले आहे असे खुशाल समजावे.

सूत्राला मर्यादा आहेत. फार उच्च तापमानाला रेणूंची अंतर्गत कंपनेही उष्णता शोषू लागतात आणि γ घटतो, त्यामुळे वेग तापमानाच्या वर्गमुळापेक्षा किंचित संथ गतीने वाढतो. द्रवरूप होण्याच्या बेतात असलेल्या वायूला तर आदर्श वायूचे गृहीतकच लागू पडत नाही.