पार्श्वभूमी : सनावळी, गोष्टीची साखळी आणि 06–60चा घोळ

इतिहासाचा क्रम आणि सनावळी पाठ करण्यासाठी आज जी जोडपद्धत वापरतात, तिचे दोन भाग वेगवेगळ्या वाटांनी आले. घटना एका गोष्टीत ओवणे ही एक वाट, वाढत्या अंतराने उजळणी करणे ही दुसरी. या दोन्हींच्या आधीपासून आपल्याकडे तिसरी एक वाट होती : आकडा अक्षरांत लपवण्याची. तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते, आणि मोठी चूक नेमकी तिथेच होते.

घोकंपट्टी आणि पाठांतराची परंपरा सगळ्यांना माहीत आहे. अक्षरांतला आकडा मात्र कमी जणांना ठाऊक असतो. केरळात सातव्या शतकापासून ज्योतिषाच्या ग्रंथांत कटपयादी संकेत वापरात आहे. त्यात क, ट, प, य म्हणजे 1. ख, ठ, फ, र म्हणजे 2. ग, ड, ब, ल म्हणजे 3. घ, ढ, भ, व म्हणजे 4. ङ, ण, म, श म्हणजे 5. च, त, ष म्हणजे 6. छ, थ, स म्हणजे 7. ज, द, ह म्हणजे 8. झ, ध म्हणजे 9. आणि ञ, न म्हणजे 0. काना-मात्रा आणि अनुस्वार मोजायचे नाहीत, जोडाक्षरात शेवटचे व्यंजन धरायचे. युरोपातही 1730 साली खास सनावळ्यांसाठी असाच एक अक्षरसंकेत छापून आला होता.

आता घोळाकडे. जुन्या परंपरेत नियम आहे ‘अंकानां वामतो गतिः’, म्हणजे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. कर्नाटक संगीतातल्या 72 मेळांचे, म्हणजे मूळ स्वरसप्तकांचे, क्रमांक आजही त्यांच्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून तसेच निघतात : धीरशंकराभरण, ध म्हणजे 9, र म्हणजे 2, पण मेळ 92वा नसून 29वा. सनावळीसाठी हा संकेत नव्याने वापरणारे मात्र सोयीसाठी डावीकडून वाचतात. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाच वहीत दोन्ही आल्या की खानदेशच्या इतिहासात काय होते ते पाहा. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले 1906मध्ये. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली 1960मध्ये. डावीकडून वाचले तर ‘नाच’ म्हणजे 06 आणि ‘चुना’ म्हणजे 60. उजवीकडून वाचले की नेमकी अदलाबदल होते. विद्यार्थी ठामपणे सांगतो की विभाजन 1960चे, आणि त्याची गोष्ट मात्र त्याला अक्षरशः तोंडपाठ असते. हा विसर नाही, त्यामुळे कितीही उजळणी केली तरी जात नाही. उलट प्रत्येक उजळणीने चूक पक्की होते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर ‘डावीकडून’ असे लिहून ठेवावे आणि जुन्या ग्रंथातले तयार शब्द घेऊ नयेत. शालेय सनावळीला डावीकडूनच वाचावे, कारण सन आपण तसाच लिहितो.

दुसरी अडचण खास आपल्या बोलीची आहे. केरळी रीतीत ळ म्हणजे 9. अहिराणीत ळचा य होतो, ‘डोळा’चा ‘डोया’. लिहिताना 39, बोलताना 31. ‘पाणी’ 15, ‘पानी’ 10. घरी अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलाने ळ आणि ण असलेले शब्द सरळ टाळावेत. संकेतात इतर अक्षरे पुरेशी आहेत.

गोष्टीच्या साखळीबद्दलचा सर्वांत ठोस पुरावा 1969च्या एका प्रयोगाचा आहे. दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या दिल्या. ज्यांनी प्रत्येक यादीची गोष्ट रचली त्यांना नंतर सुमारे 93 टक्के शब्द आठवले, ज्यांनी नुसतेच पाठ केले त्यांना सुमारे 13 टक्के. मात्र ते सुटे शब्द होते. इतिहासातल्या घटनेला सन असतो, आणि नुसती गोष्ट सन धरून ठेवत नाही. म्हणूनच गोष्टीतली प्रत्येक वस्तू आकड्याच्या अक्षरांतून निवडावी लागते.

सात घटना घेऊ, शतक सोडून शेवटचे दोन आकडे. 1382 थाळनेरला फारुकी सत्ता : दार. 1601 असीरगड अकबराकडे : नाक. 1818 खानदेश इंग्रजांकडे : काजू. 1906 विभाजन : नाच. 1942 नंदुरबारला शिरीषकुमार हुतात्मा : घर. 1960 नामांतर : चुना. 1998 नंदुरबार वेगळा जिल्हा : झुंज. थाळनेरच्या किल्ल्याचे दार कुरकुरत उघडते आणि त्यात असीरगडाएवढे नाक अडकते. अडकल्यामुळे ते शिंकते, त्यातून काजू उडतात आणि साहेब ते टोपीत झेलतो. टोपी फाटून काजू दोन बाजूंना पडतात, म्हणून दोन टोळ्या समोरासमोर नाच करतात. नाचाच्या धक्क्याने नंदुरबारच्या एका घराचे दार उघडते आणि आतून झेंडा घेतलेली मुले बाहेर पडतात. मुले गेल्यावर घरावर चुना फासून नव्या नावाच्या पाट्या लिहितात. चुना डोळ्यांत गेल्याने झुंज लागते आणि एक भाऊ वेगळा होतो.

दुवे ‘म्हणून’ने जोडावेत, ‘मग’ने नाही, ‘मग’चा दुवा आधी तुटतो. चित्रात घटनेचा अर्थही असावा, जसे नाचातल्या दोन टोळ्या. नाहीतर वस्तू आठवते आणि ती कशाची, ते आठवत नाही. 98साठी ‘ध्वज’ सुचतो, पण ध्व म्हणजे व, म्हणून तो 48 होतो.

उजळणीचा इतिहास 1885च्या विस्मरणाच्या जर्मन प्रयोगांपासून सांगतात, पण रोजच्या वापराला आकार आला 1970च्या दशकात. तेव्हा खणांची पेटी आली : बरोबर आलेले प्रश्नाचे कार्ड पुढच्या, उशिराने उजळायच्या खणात, चुकलेले परत पहिल्या खणात. 1987मध्ये संगणकावर त्याचे गणित बसले : पहिले अंतर 1 दिवस, दुसरे 6, पुढे प्रत्येक वेळी साधारण अडीचपट, म्हणजे 15, मग 38. चुकले की पुन्हा 1. नंतर आलेले Anki हे मोफत अॅप बराच काळ याच गणिताच्या सुधारित रूपावर चालले.

साखळी आणि कार्ड यांचे मात्र जमवून घ्यावे लागते. सगळी साखळी एकाच कार्डावर लिहिली तर एक दुवा चुकल्याने सातही घटना पहिल्या दिवसावर येतात. प्रत्येक सनाचे सुटे कार्ड केले तर सन येतो पण क्रम जातो. म्हणून सात घटनांची तेरा कार्डे करावीत : सात ‘कधी?’ची आणि सहा ‘याच्या लगेच नंतर काय?’ची. शतक ‘कधी?’च्या कार्डावर पूर्ण लिहावे, कारण वस्तूत ते नाही आणि 82चे 1482 सहज होते.

दोष ओळखायची खूण सोपी आहे. ‘1960ला काय?’ विचारल्यावर मूल ओठांतल्या ओठांत दारापासून सुरुवात करत असेल, तर साखळी फक्त पुढून पक्की आहे. अशा वेळी आठवडाभर ती उलटी म्हणवून घ्यावी, झुंजीपासून दारापर्यंत, आणि ‘नाच’ व ‘चुना’ यांची ‘कधी?’ कार्डे एकाच दिवशी विचारू नयेत. आधी 06 दोनदा सलग बरोबर येऊ द्यावे, त्यानंतरच 60चे नवे कार्ड पेटीत घालावे.