पाणी ओढायचं कसं: दाबाने की साखरेने?

‘डायलिसिसला रक्त बदलतात’ हा समज अजून बराच पसरलेला आहे. रक्त बदललं जात नाही. चार तासांच्या डायलिसिसमध्ये कोणत्याही क्षणी शरीराबाहेर असतं ते साधारण 200 ते 250 मिली रक्त. बाकीचं शरीरातच फिरत असतं. मात्र पंप मिनिटाला 300 मिली वेगाने चालत असेल तर चार तासांत यंत्रातून 72 लिटर रक्त जातं, म्हणजे तेच चारेक लिटर रक्त सतरा-अठरा वेळा फिरून येतं.

दुसरा समज त्याहून खोल रुजलेला आहे: डायलिसिस म्हणजे फक्त ‘घाण काढणं’. युरिया, क्रिएटिनिन, जास्तीचं पोटॅशियम काढणं हे काम आहेच, पण ते तुलनेने सोपं आहे. रुग्णाला थकवतं, पायांत गोळे आणतं आणि रक्तदाब पाडतं ते पाणी काढण्याचं काम. यंत्राचं डायलिसिस आणि पोटाचं डायलिसिस यांतला खरा फरकही तिथेच आहे.

आधी सोपं काम उरकू. डायलायझर ही यंत्राला जोडलेली, रक्त गाळणारी साधारण फूटभर लांबीची नळी असते. तिच्यात केसासारखे बारीक, पोकळ असे दहा हजारांच्या आसपास धागे असतात. धाग्यांच्या आतून रक्त वाहतं आणि बाहेरून उलट दिशेने मिनिटाला 500 मिली वेगाने डायलिसिसचं द्रावण. धाग्याच्या भिंतीला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की युरियाचे छोटे रेणू पलीकडे जातात आणि रक्तपेशी व अल्ब्युमिनसारखं मोठं प्रथिन आत राहतात. रेणू जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातात हे शाळेतलं विसरणच इथे चालतं. प्रवाह उलटे ठेवण्याचं कारण एवढंच की बाहेर पडत आलेल्या, बऱ्याच स्वच्छ झालेल्या रक्ताला अगदी ताजं द्रावण भेटतं. त्यामुळे नळीच्या शेवटपर्यंत संहतीतला फरक टिकतो.

त्या द्रावणात युरिया नसतो, पण सोडियम रक्ताइतकंच, लिटरमागे 138 ते 140 मिलिमोल असतं. पोटॅशियम बहुधा 2, म्हणजे रक्तापेक्षा कमी ठेवतात, तर बायकार्बोनेट रक्तापेक्षा जास्त ठेवतात, कारण ते रुग्णाला द्यायचं असतं. जे काढायचं ते द्रावणात कमी, जे द्यायचं ते जास्त आणि जे हलवायचं नाही ते सारखं, एवढाच हिशेब.

आता पाणी. द्रावणातल्या आणि रक्तातल्या क्षारांचं प्रमाण जवळपास सारखं असल्यामुळे विसरणाने पाणी फारसं हलत नाही. म्हणून यंत्र द्रावणाच्या बाजूचा दाब रक्ताच्या बाजूपेक्षा कमी ठेवतं आणि पाणी धाग्यांच्या भिंतीतून अक्षरशः खेचून घेतं. किती खेचायचं हा आकडा टेक्निशियन सुरुवातीलाच यंत्रात भरतो.

तो आकडा ‘ड्राय वेट’वरून येतो. अंगावर सूज नाही, रक्तदाब ठीक आहे आणि धाप लागत नाही, अशा स्थितीतलं वजन म्हणजे ड्राय वेट. समजा ते 55 किलो आहे आणि दोन दिवसांच्या खंडानंतर रुग्ण 57.8 किलो भरला. 2.8 लिटर पाणी साठलं. शेवटी नळ्यांतलं रक्त सलाईनने परत करताना आणखी 200 मिली आत जाणार, म्हणून काढायचे 3 लिटर. चार तासांत 3 लिटर म्हणजे तासाला 750 मिली, किलोमागे 13.6 मिली. तासाला किलोमागे 13 मिलीच्या वर जाऊ नये असा संकेत आहे, कारण त्यापुढे हृदयावर ताण वाढतो. वेळ साडेचार तासांवर नेला तर हाच वेग 12.1 वर येतो. रुग्णाला तो अर्धा तास नको असतो, पण सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे.

अर्ध्या तासाने एवढा फरक का पडतो? यंत्र पाणी काढतं ते फक्त रक्तवाहिन्यांतून. 55 किलोच्या माणसाच्या रक्तवाहिन्यांत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, असतो जेमतेम अडीच-पावणेतीन लिटर, आणि काढायचे आहेत 3 लिटर! हे जमतं, कारण साठलेलं पाणी मुख्यतः पेशींच्या मधल्या जागेत, सुजलेल्या पायांत असतं आणि रक्त थोडं घट्ट झालं की ते केशवाहिन्यांच्या भिंतीतून आत ओढलं जातं. त्याला ओढतं ते मुख्यतः रक्तातलं अल्ब्युमिन. या भरपाईचा वेग शरीर ठरवतं, यंत्र नाही. यंत्र तासाला 750 मिली काढतंय आणि भरपाई 500 मिलीचीच होतेय असं झालं, तर तासागणिक पाव लिटर प्लाझ्मा कमी होत जातो. पहिले दोन तास रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब सांभाळतात. म्हणूनच तक्रारी बहुधा तिसऱ्या-चौथ्या तासात सुरू होतात: जांभया, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, मग घाम आणि डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी पाणी काढणं थांबवतात, पाय वर घेतात आणि लागलं तर 100 ते 200 मिली सलाईन देतात. द्रावणाचं तापमान 37 ऐवजी 36 अंशांच्या आसपास ठेवलं तर रक्तवाहिन्या आकसलेल्या राहतात आणि दाब कमी वेळा पडतो. अल्ब्युमिन कमी असलेल्या रुग्णाची भरपाई आणखी मंद असते, मग पाय सुजलेले असूनही दाब पडतो. नातेवाईक म्हणतात, ‘सूज आहे, अजून काढा ना पाणी’, पण ते पाणी त्या क्षणी हाताशी नसतं.

एक सापळा इथे आहे. दोन-तीन महिन्यांत जेवण कमी होऊन अंगावरचं मांस दोन किलोने घटलं आणि ड्राय वेट कागदावर 55 च राहिलं, तर रुग्ण 55 वर येतो तेव्हा प्रत्यक्षात दोन लिटर पाणी अंगात ठेवून घरी जातो. रात्री आडवं पडल्यावर धाप लागणं ही त्याची खूण.

हे पाणी साठतं कशामुळे? तहानेमुळे, आणि तहान लागते मिठामुळे. शरीरातल्या पेशींबाहेरच्या एक लिटर द्रवात साधारण 8 ग्रॅम मीठ विरघळलेलं असतं. वर सांगितलेल्या 2.8 लिटरमागे सुमारे 23 ग्रॅम मीठ आहे, म्हणजे तीन दिवस रोज आठ ग्रॅमच्या आसपास. लोणचं, पापड आणि फरसाण असेल तर हा आकडा सहज गाठला जातो. पाणी मोजून प्या असं सांगायचं आणि मिठाचं बोलायचंच नाही, हे रुग्णावर अन्याय करणारं आहे. ‘भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघते’ हे मोबाईलवर फिरणारं ज्ञान तर ज्याला लघवीच होत नाही त्याच्या फुप्फुसात पाणी भरवतं. क्रिएटिनिन उतरवणाऱ्या चूर्णांबद्दल वेगळं काय लिहायचं? डायलिसिसनंतरही आकडा उतरतो, म्हणून कोणी किडनी बरी झाली म्हणत नाही.

पोटाच्या डायलिसिसमध्ये पंप नाही, दाब नाही आणि रक्त शरीराबाहेर येतच नाही. आतड्यांवर आणि पोटाच्या आतल्या भिंतीवर पेरिटोनियम नावाचं पातळ अस्तर असतं. त्यातल्या केशवाहिन्यांच्या भिंती हीच इथली गाळणी. बेंबीखाली कायमची बसवलेली मऊ कॅथेटर असते, तिच्यातून 2 लिटर द्रावण आत सोडायचं, चार ते सहा तास ठेवायचं, काढायचं आणि नवीन सोडायचं. दिवसाला बहुधा चार पिशव्या. युरिया आपोआप द्रावणात येतो. हळूहळू येतो, पण चोवीस तास येत राहतो.

पाणी ओढायला इथे साखर वापरतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तेच तत्त्व. पिशव्या 1.5, 2.5 आणि 4.25 टक्के डेक्स्ट्रोजच्या येतात. अगदी सौम्य पिशवीतली साखरसुद्धा रक्तातल्या साखरेच्या दहापटीहून अधिक असते, त्यामुळे पाणी रक्तातून पोटात येतं. पण लोणच्याच्या बरणीतलं मीठ फोडींना चिकटून राहतं, इथली साखर मात्र रक्तात शोषली जाते. चार-सहा तासांत निम्म्याहून जास्त साखर गेलेली असते. ओढ संपते, आणि अस्तराखालच्या लसिकावाहिन्या द्रावण परत शोषून घेतच असतात. म्हणून पोटातलं पाणी काही वेळ वाढतं, शिखर गाठतं आणि मग कमी होऊ लागतं. वेळेवर काढलं नाही तर घातलेल्यापेक्षा कमी बाहेर येतं.

रुग्ण आत-बाहेरच्या द्रावणाचे मिली लिहून ठेवतो, त्या वहीतला एक दिवस पाहू. सकाळी 1.5 टक्के: आत 2000, बाहेर 2150. दुपारी 2.5 टक्के: बाहेर 2300. संध्याकाळी 1.5 टक्के: 2150. रात्री 1.5 टक्के, नऊ तास: बाहेर 1800. दिवसाची बेरीज फक्त 400 मिली, कारण रात्रीच्या पिशवीने 200 मिली शरीरालाच दिले. इथे सगळ्या पिशव्या जहाल करणं हा चुकीचा उपाय. जास्त साखरेने वजन वाढतं आणि वर्षानुवर्षं अस्तरही खराब होतं. फक्त रात्रीची पिशवी आयकोडेक्स्ट्रिनची केली तर फरक पडतो. हा साखरेचा मोठा, साखळीसारखा रेणू आहे. तो सहज शोषला जात नाही, म्हणून आठ-बारा तास ओढत राहतो. त्या पिशवीने 400 मिली जास्तीचे काढले की दिवसाचा हिशेब एक लिटरवर येतो. मोजताना एक काळजी: जोडणी धुताना सोडलेलं थोडं द्रावणही निचऱ्याच्या पिशवीत जातं, ते वजा केलं नाही तर खोटी बेरीज दिसते.

अस्तरातली आणखी एक गंमत सांगायलाच हवी. तिथल्या पेशींत ॲक्वापोरिन नावाची छिद्रं आहेत, ज्यांतून फक्त पाणी जातं, मीठ नाही. सुरुवातीच्या तासात साखरेची ओढ जोरात असते तेव्हा बरंचसं पाणी या वाटेने येतं आणि पोटातल्या द्रावणाचं सोडियम चक्क उतरतं. मीठ नंतर, मोठ्या छिद्रांतून सावकाश येतं. याचा अर्थ, द्रावण तास-दीड तासातच काढलं तर पाणी निघतं पण त्या मानाने मीठ मागे राहतं आणि तहान तशीच राहते. यंत्रात असं होत नाही. तिथे दाबाने खेचलेल्या पाण्याबरोबर मीठही जातं.

बिघाडही निराळे. यंत्राच्या रुग्णाचा जीव हातावरच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेत असतो. बोटाखाली जाणवणारी थरथर थांबली तर त्याच दिवशी दाखवायचं. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, डायलिसिसखेरीज सुई टोचायची नाही. पोटाच्या रुग्णाने निचऱ्याची पिशवी छापील कागदावर ठेवून पाहायची. अक्षरं धूसर दिसली तर पेरिटोनायटिस, म्हणजे अस्तराचा संसर्ग, समजून पिशवीसकट केंद्र गाठायचं, पोट दुखत नसलं तरी. पाणी आत जातं पण बाहेर येत नाही, तर आधी बद्धकोष्ठता आहे का विचारायचं. भरलेलं आतडं कॅथेटर दाबतं किंवा सरकवतं.

आयकोडेक्स्ट्रिन वापरणाऱ्या मधुमेहींनी आपल्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या दाखवून घ्याव्यात. त्याचे तुकडे होऊन रक्तात माल्टोज ही वेगळी साखर येते आणि काही जातींच्या पट्ट्या त्यालाच ग्लुकोज समजतात. मीटर 250 दाखवतो, खरी साखर 90 असू शकते, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर रुग्ण बेशुद्ध होतो. फक्त ग्लुकोजच मोजणाऱ्या पट्ट्या मिळतात. खोक्यावर माल्टोजबद्दलची सूचना छापलेली आहे का ते आधी वाचावं.