पेमेंट ॲपची छोटी ॲनिमेटेड फिल्म: प्रॉम्प्ट कसे लिहिले जातात आणि तुम्ही त्यात काय तपासायचे

(आमच्या स्टुडिओकडे काम देणाऱ्या बँका, पतसंस्था आणि ॲप कंपन्यांसाठी)

पेमेंट ॲपच्या फिल्मची मागणी आमच्याकडे येते तेव्हा तिच्यात दोन शब्द हमखास असतात, ‘सुरक्षित’ आणि ‘सोपे’. हेच शब्द व्हिडिओ बनवणाऱ्या एआय साधनाला जसेच्या तसे दिले, तर निळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे कुलूप, त्यामागे ढाल आणि फोनमधून उडणारी नाणी असे काहीतरी बाहेर येते. साधन ज्या चित्रांवर शिकले, त्यांत ‘सुरक्षित’ या शब्दासोबत कुलूपच जास्त वेळा होते. पण कुलूप पाहून प्रेक्षकाला काहीच करता येत नाही. आणि पैसे फोनमधून उडून जाताना दाखवणे, हे सुरक्षिततेच्या फिल्ममध्ये कसे दिसेल ते तुम्हीच बघा.

म्हणून आम्ही विशेषण प्रॉम्प्टमध्ये घालत नाही. त्याऐवजी तुम्हाला एकच प्रश्न विचारतो: तुमचा ग्राहक नेमका कोणत्या क्षणी फसतो? फिल्म त्या क्षणाभोवती बांधायची. एका ४५ सेकंदांच्या फिल्ममध्ये असा एकच क्षण बसतो. दोन घातले की दोन्ही विसरले जातात.

नमुन्याची गोष्ट

जुनी वस्तू विकणाऱ्याला फसवण्याचा प्रकार सगळ्यांना ऐकून माहीत आहे. तोच घेऊ. एका मावशींनी जुने शिलाई मशीन विकायला काढले आहे. फोनवरचा माणूस अगदी अदबीने बोलतो, घासाघीस करत नाही आणि म्हणतो, “मावशी, क्यूआर पाठवलाय, तेवढा स्कॅन करा आणि पिन टाका, सहा हजार लगेच जमा होतील.” मावशी स्कॅन करतात. पडद्यावर एक अनोळखी नाव येते आणि त्याखाली ₹६,००० ‘द्या’ असे बटण. फिल्मचा क्षण हाच. बोट बटणाच्या वर थांबते, कारण पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

सोपेपणा दाखवायला वेगळी गोष्ट लागत नाही. पुढच्याच दृश्यात खरा गिऱ्हाईक दारात येतो, मावशींचा क्यूआर स्कॅन करतो आणि मावशींच्या फोनवर पैसे आल्याचा आवाज होतो. मावशींनी फोनला हातसुद्धा लावलेला नसतो.

ही पटकथा लिहिताना नियमांकडे लक्ष ठेवावे लागते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. त्यामुळे जुन्या फिल्ममध्ये दिसते तशी ‘विनंती मंजूर करा’ ही पाटी आता दाखवली तर ग्राहक ती ॲपमध्ये शोधत बसेल. याउलट, पैसे देण्याआधी समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव दिसणे, ही गोष्ट २०२५ च्या मध्यापासून अधिक पक्की झाली आहे. आमच्या क्षणाचा आधार हे नावच आहे.

सगळ्या दृश्यांना लागणारा समान परिच्छेद

साधन एका वेळी काही सेकंदांचीच चित्रफीत देते, आणि प्रत्येक तुकड्यात मावशींचे लुगडे, बांगड्या, वय बदलू शकते. म्हणून पात्राचे आणि जागेचे वर्णन एकदाच लिहून ते प्रत्येक प्रॉम्प्टच्या डोक्यावर शब्दही न बदलता चिकटवले जाते. सोबत मावशींचे समोरून, बाजूने आणि पाठीमागून काढलेले संदर्भचित्र जोडले जाते. प्रॉम्प्टचा मसुदा आम्ही मराठीत करतो, म्हणजे तुम्हाला तो वाचून सही करता येते. साधनाला जाणारी इंग्रजी प्रत त्याच क्रमाने, वाक्याला वाक्य अशी असते.

```
सपाट रंगांचे द्विमितीय ॲनिमेशन, जाड आणि एकसारखी रेषा.
साधारण ५५ वर्षांच्या मावशी, अंगाने मध्यम,
गर्द हिरवे सुती लुगडे, दोन्ही हातांत दोन-दोन हिरव्या बांगड्या,
अर्धे पिकलेले केस, मागे अंबाडा.
घराची ओसरी, फिकट पिवळी सपाट भिंत,
डावीकडे काळे शिलाई मशीन. सकाळचा मऊ उजेड.
```

यात ‘भिंतीवर कॅलेंडर नको, फोटो नको’ असे कुठेही नाही. नको म्हटलेली वस्तू पुष्कळदा चित्रात येतेच, कारण तिचे नाव प्रॉम्प्टमध्ये पडलेले असते. त्यापेक्षा जे हवे तेच सांगावे: सपाट भिंत. पडद्यावर वस्तू कमी असल्या की सोपेपणा आपोआप दिसतो.

थांबण्याचे दृश्य

या दृश्यावर आमचा सर्वांत जास्त वेळ जातो. ही साधने स्वस्थ बसत नाहीत. काही सांगितले नाही तर कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो, पात्र मान हलवते, बोट कारण नसताना वाकते. आपल्याला तर तीन सेकंद जवळजवळ काहीच न होणे हवे आहे. म्हणून हालचाल मोजून लिहावी लागते:

```
मावशींचा चेहरा आणि उजवा हात, छातीपर्यंतची चौकट.
कॅमेरा स्थिर, तिवईवर ठेवल्यासारखा.
पहिला सेकंद: तर्जनी फोनकडे खाली येते.
त्यानंतर: बोट पडद्यापासून दोन बोटे वर थांबते आणि तिथेच राहते.
फक्त पापण्या एकदा मिटतात आणि भुवया किंचित जवळ येतात.
फोनची पाठ प्रेक्षकाकडे आहे.
```

शेवटची ओळ मुद्दाम आहे. फोनची पाठ दिसली की साधनाला पडदा रंगवावाच लागत नाही, आणि बोटेही अर्धी झाकली जातात. बोटांच्या बाबतीत साधने अजूनही गोंधळतात. तपासताना चित्रफीत चौकटीचौकटीने पुढे सरकवून बोटे मोजा. वेगाने पाहताना सहावे बोट नजरेतून सुटते, पण यूट्यूबवर ते कुणीतरी शोधतेच.

चार-पाच वेळा करूनही थांबणे जमले नाही, तर आम्ही साधन बाजूला ठेवतो. आमचे चित्रकार दोन चित्रे काढतात, दुसरे पडद्यावर धरून ठेवतात आणि पापणी तेवढी हाताने मिटवतात. खर्च कमी, निकाल चांगला. प्रत्येक दृश्य साधनातूनच आले पाहिजे असा हट्ट कुणी धरला तर आम्ही तो मोडून काढतो.

फसवणारा माणूस दिसत नाही

डोक्यावर टोपी ओढलेला, अंधारात लॅपटॉपपुढे बसलेला चोर दाखवा, असे बऱ्याचदा सुचवले जाते. आम्ही तो दाखवत नाही. त्याने प्रेक्षकाला चोर असा दिसतो हे शिकवले जाते, आणि फोनवरचा गोड बोलणारा माणूस त्या चित्रात बसत नाही. आमच्या फिल्ममध्ये तो फक्त आवाज असतो, तोही नम्र. प्रॉम्प्टमध्ये त्याच्याबद्दल एक अक्षर नसते. मावशी फोन कानाला लावून हसतात, एवढेच.

ॲपचे पडदे साधनाकडून कधीच नाहीत

साधनाने रंगवलेल्या फोनवर देवनागरी अक्षरे मोडकी येतात. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, आणि ₹ चे चिन्ह भलतेच काहीतरी. त्याहून वाईट म्हणजे, बटण तुमच्या ॲपमध्ये नाही अशा जागी येते. सुरक्षिततेच्या फिल्ममध्ये खोटा पडदा दाखवणे म्हणजे ग्राहकाला खोट्या पडद्याची सवय लावणे. म्हणून फोन समोरून दिसणाऱ्या दृश्यांत प्रॉम्प्टमध्ये ‘फोनचा पडदा एकाच करड्या रंगाचा, कोरा’ असे लिहितो आणि नंतर त्यावर तुमचा खरा पडदा बसवतो.

तो पडदा चाचणी खात्यातूनच पाठवा. खऱ्या ग्राहकाचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा यूपीआय आयडी असलेला स्क्रीनशॉट आम्हाला नको, आणि तो कोणत्याही साधनात आम्ही चढवणारही नाही. पिनचे पान मात्र तुम्हाला बहुधा पाठवता येणार नाही. ते पान तुमच्या ॲपचे नसून एनपीसीआयच्या समान घटकातून येते, आणि त्याचा स्क्रीनशॉट घेतला तर सहसा काळा येतो. ते पान आमचे चित्रकार हाताने काढतात, आणि त्यात आकड्यांच्या जागी फक्त ठिपके असतात. कोणते आकडे दाबले ते बोटांच्या हालचालीवरूनही कळू नये, याची काळजी घेतो.

क्यूआरचेही तसेच. साधनाने काढलेला क्यूआर सहसा स्कॅन होत नाही, पण ‘सहसा’वर काम सोडता येत नाही. आणि खरा क्यूआर वापरला तर टीव्हीसमोर बसलेला कुणीतरी फोन धरून स्कॅन करून पाहतो. आम्ही कोपऱ्यांतले तीन चौकोन दिसतील पण मधला भाग पूर्ण भरणार नाही असे रेखाचित्र बसवतो, आणि फिल्म देण्याआधी ते वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या ॲपमधून स्कॅन करून पाहतो. काही उघडता कामा नये.

पैसे येण्याचे दृश्य

```
फोन शिलाई मशीनच्या लाकडी फळीवर उताणा ठेवलेला, पडदा कोरा करडा.
मावशी दोन्ही हातांनी मशीनवरचे कापड घडी करत आहेत.
त्या फोनकडे बघतात आणि हसतात. हात कापडावरच राहतात.
कॅमेरा स्थिर.
```

‘हात कापडावरच राहतात’ हे वाक्य या दृश्याचा प्राण आहे. ते वगळले तर साधन मावशींना फोन उचलायला लावते, आणि पैसे घेताना काही करावे लागत नाही हा सगळा मुद्दाच जातो. त्याच वेळी निवेदनात एवढेच येते: “पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला, तर पैसे तुमच्याकडून जात आहेत.” संपूर्ण फिल्मचे निवेदन आम्ही ऐंशी शब्दांच्या आत ठेवतो, नाहीतर थांबण्याच्या दृश्यावर आवाज चढतो आणि शांतता राहत नाही.

शेवटच्या पाटीवर फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा, हे मोठ्या अक्षरात येते. ‘शंभर टक्के सुरक्षित’ असे वाक्य आम्ही लिहीत नाही. मावशी जर पिन टाकून बसल्या, तर तुमचे ॲप त्यांना अडवणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

तुमच्याकडून काय लागेल

चाचणी खात्यातले पडदे, बटणांवरचा आणि नावाच्या ओळीचा अक्षरशः मजकूर, पैसे आल्याचा तुमच्या ॲपचा आवाज, आणि मराठी प्रॉम्प्टवर तुमच्या तांत्रिक विभागातल्या एका माणसाची सही. सही एकाच माणसाची असावी. विपणनवाले आणि तांत्रिकवाले वेगवेगळे बदल सुचवू लागले की मावशींचे लुगडे तीनदा बदलते आणि प्रत्येक वेळी सगळी दृश्ये पुन्हा काढावी लागतात.

ॲपचा नवा अपडेट आला आणि बटणाची जागा बदलली, तर पूर्ण फिल्म नव्याने करावी लागत नाही. पडदे वेगळ्या थरावर असल्याने तेवढेच बदलून देतो, त्याचे दर वेगळ्या पानावर आहेत.