हलगर्जीपणा की दुर्दैव? डॉक्टरांविरुद्ध तक्रार करण्याआधी कोणते कागद हवेत

समजा, पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि त्यात पित्तनलिकेला इजा झाली. घरच्यांना वाटतं, डॉक्टर चुकले. पण ही इजा या शस्त्रक्रियेतला माहीत असलेला धोका आहे. अनुभवी सर्जनच्या हातूनही ती कधीतरी होते आणि संमतीपत्रातही बहुधा तिचा उल्लेख असतो. तेवढ्यावर केस उभी राहत नाही.

आता याच पेशंटचा पुढचा भाग बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी 96, दुपारी 112, रात्री 128. पोट फुगलेलं, ताप चढता. नर्सने रात्री 11 वाजता ‘डॉक्टरांना फोनवर कळवले’ असं लिहिलंय, पण डॉक्टरांनी पेशंट तपासल्याची पहिली नोंद तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची. सोनोग्राफी त्यानंतर. इजा होणं हे दुर्दैव असू शकतं, पण ती होऊन बिघडत चाललेल्या पेशंटकडे साडेदहा तास डॉक्टर फिरकले नाहीत, याचा जवाब द्यावाच लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात जी कसोटी सांगितली ती साधारण हीच. त्या शाखेतला सर्वसाधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल, ते इथे झालं का? निदानाचा अंदाज चुकला, किंवा दोन मान्य उपचारांपैकी एक निवडला आणि गुण आला नाही, तर तो हलगर्जीपणा ठरत नाही.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. ते शेवटी, सगळं घडून गेल्यावर लिहिलेलं असतं. खरी गोष्ट आतल्या केसपेपरमध्ये असते: नाडी-ताप-बीपीचा तक्ता, नर्सच्या नोंदी, औषधांचा चार्ट, ऑपरेशन नोट, भुलीचा चार्ट, संमतीपत्र आणि तपासण्यांचे रिपोर्ट. सीटी किंवा एमआरआय असेल तर नुसता रिपोर्ट नको, सीडीही मागा.

अर्ज साधाच असतो. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, पेशंटचं नाव, आयपीडी नंबर, दाखल आणि डिस्चार्जची तारीख लिहून ‘संपूर्ण इनडोअर केसपेपरच्या प्रती मिळाव्यात’ अशी मागणी करायची. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार मागणीनंतर 72 तासांत कागद द्यावे लागतात. नोंदी जपून ठेवण्याचं बंधन मात्र तीनच वर्षांचं आहे. अर्जात आरोप लिहू नका. भांडण नंतर, कागद आधी.

पेशंट दगावला असेल आणि मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल, तर मृतदेह ताब्यात घेण्याआधीच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन शवविच्छेदन मागा. त्या घडीला हे सुचत नाही, आणि सुचलं तरी घरातलं कोणीतरी नको म्हणतं. पण दहनानंतर हा पुरावा कुठूनही परत मिळत नाही.

कागद आले की तासवार तक्ता करा: वेळ, पेशंटची अवस्था, कोणी काय केलं. तो घेऊन त्याच शाखेतल्या, पण त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. डॉक्टर सहसा लिहून द्यायला तयार नसतात, हे खरं. पण प्रत्येक प्रकरणात असं मत लागतंच असं नाही. मलेरियाच्या पेशंटवर टायफॉइडचे उपचार झाल्याच्या 2010 च्या व्ही. किशन राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं. आमच्या पित्तनलिकेच्या उदाहरणात मात्र ते हवंच, कारण ‘लवकर पाहिलं असतं तर फरक पडला असता’ हा दुवा डॉक्टरच जोडू शकतो.

पुढे दोन वाटा. डॉक्टरवर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. तिथे ताकीद मिळू शकते, नोंदणी निलंबित होऊ शकते, पण भरपाई मिळत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग. तक्रार पेशंट स्वतः करू शकतो, तो हयात नसेल तर कायदेशीर वारस. मग मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा लागतो. बिलं आणि पावत्या हव्यातच, कारण कुठल्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर नाही, तर भरलेल्या पैशांवर ठरतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत बिल असेल तर फी शून्य. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र ही वाट बंद आहे.