पोळीची 'बोळी' का होते?

माझी चुलत बहीण अमेरिकेत असते, तिचा नवरा तिकडचाच, आणि तो मनापासून मराठी शिकतोय. ऐकलेले शब्द तो वहीत इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतो. मागच्या महिन्यात तिने त्या वहीचा फोटो पाठवला, तर त्यात पाणी आणि पोळी दोन्ही इंग्रजी 'बी'ने लिहिलेले. घरच्यांना वाटलं की त्याचं लक्ष नसतं, पण तसं नाहीये, त्याचे कान इंग्रजीच्या हिशोबाने अगदी बरोबर ऐकतायत.

तळहात तोंडासमोर धरा आणि 'पान' म्हणा. हवा फारशी लागत नाही. आता कुणा इंग्रज माणसाला त्याच्या पद्धतीने 'पेन' म्हणायला लावा, हातावर चांगला फुंकरीचा झोत बसेल. कारण असं की प म्हणताना ओठ उघडतात आणि मग घशातल्या स्वरतंतूंची थरथर सुरू होते, आणि या दोन गोष्टींमध्ये किती वेळ जातो त्याला म्हणतात व्हॉइस ऑनसेट टाइम, थोडक्यात व्हीओटी. आपल्या 'प'मध्ये हा वेळ जवळपास शून्यच. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'मध्ये साधारण ५० ते ६० मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात नुसती हवा बाहेर पडते. आपला 'ब' तर ओठ उघडायच्या आधीच घशात घुमायला लागतो (गळ्यावर बोट ठेवून ब लांबवून बघा, कळेल), म्हणजे त्याचा व्हीओटी उणे. पण इंग्रजी लोक शब्दाच्या सुरुवातीचा 'ब' बऱ्याचदा शून्याच्या आसपासच उच्चारतात, म्हणजे जिथे आपला 'प' बसतो नेमकं तिथेच. म्हणून पोळीची बोळी.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. मशीनवर आवाज तयार करून व्हीओटी थोडाथोडा वाढवत नेला, ०, १०, २०, ३०, ४०, तर वाटेल की 'बा' हळूहळू 'पा' होत जाईल, मधे कुठेतरी अर्धवट काहीतरी ऐकू येईल. तसं होत नाही! इंग्रजी माणसाला साधारण २५ पर्यंत सरळ 'बा'च ऐकू येतो आणि मग एकदम 'पा'. शून्य आणि वीसमधला फरक त्याला जवळजवळ कळत नाही, पण २० आणि ४० मधला लगेच कळतो, फरक दोन्हीकडे वीसच मिलिसेकंदांचा असूनही.

१९७१ मध्ये पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी हेच एक आणि चार महिन्यांच्या बाळांवर करून पाहिलं. बाळाच्या तोंडात चोखणी, जोरात चोखलं की आवाज वाजतो. तोच तोच आवाज ऐकून बाळ कंटाळतं आणि चोखणं मंदावतं, मग आवाज बदलायचा. २० वरून ४० वर नेला की बाळं पुन्हा जोरात चोखायला लागायची, पण ६० वरून ८० वर नेला तर त्यांना विशेष काही वाटायचं नाही. भाषेची ही सीमा माणूस जन्मतःच घेऊन येतो असं तेव्हा वाटलं, पण चारच वर्षांनी कूल आणि मिलर यांनी चिंचिला या उंदरासारख्या प्राण्याला 'दा' आणि 'ता' वेगळे ओळखायला शिकवलं, तर त्याचीही सीमा जवळपास तिथेच निघाली. म्हणजे कानाची रचनाच काही ठिकाणी जास्त चाणाक्ष आहे आणि भाषा त्याचा फायदा घेतात.

अर्थात सगळं काही व्हीओटीत मावत नाही. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये ११ भाषा मोजल्या त्यात मराठीही होती, आणि तिथे त्यांचं माप अडलं, कारण 'ब' आणि 'भ' दोन्ही आधीच घुमतात, फरक असतो तो ओठ उघडल्यानंतरच्या श्वासात.

मग हे कान भाषेपुरते कधी होतात? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. आवाज बदलला की मान वळवायची, बरोबर वळवली तर खेळणं दिसायचं. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, १० ते १२ महिन्यांच्या फारच थोड्यांना. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांना मात्र वर्षाच्या सुमारासही कळत होता. कान बिघडत नाही हं, घरात जो फरक कामाचा नाही त्याकडे मेंदू लक्ष द्यायचं सोडतो, आणि मोठेपणी सराव केला तर तो काही प्रमाणात परत येतो.

वाचा सुधारावी म्हणून बाळाला वेखंड चाटवतात, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि 'बाळाला व्हिडिओ लावा, पाच भाषा येतील' या जाहिरातींवरही विश्वास ठेवू नका. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ वेळा चिनी ऐकवलं. समोर बसून माणूस पुस्तक वाचत, खेळत बोलला तेव्हा बाळांना चिनीतला फरक ओळखता आला, पण तेच टीव्हीवर दाखवलं तर काहीही उपयोग झाला नाही.

बहिणीची मुलगी आता सहा महिन्यांची आहे. काकू पुढच्या आठवड्यात तिकडे जातायत, चार महिने राहणार आहेत, आणि मी त्यांना एवढंच सांगितलंय की तिला मांडीवर घेऊन ताट, टाळ, पाणी, भाजी जे काही समोर असेल त्याबद्दल मराठीत बोलत राहा.