तीन टेबलं, २८ पाहुणे आणि दोन रिकाम्या खुर्च्या

कुणी कुठे बसायचं, हा प्रश्न पंगतीला कधी पडत नव्हता. पानं मांडली, माणसं हवी तिथे बसली, उरलेली पुढच्या पंगतीला. ज्यांचं आपसात पटत नाही ते आपणहून दुसऱ्या पंगतीची वाट बघत बाहेर गप्पा मारत उभे राहायचे. न्यू जर्सीतल्या माझ्या मामेबहिणीच्या मुलीचं रिसेप्शन ठरलं तेव्हा मात्र हॉलवाल्यांनी तिच्याकडे आसनयादीच मागितली. कोणता पाहुणा कोणत्या टेबलावर बसणार, हे आधी लेखी हवं. मी गणिताचा माणूस, म्हणून फोन मला.

मुलीकडच्या जवळच्या माणसांसाठी तीन गोल टेबलं होती, प्रत्येकी दहा खुर्च्यांची. पाहुणे २८. म्हणजे ३० खुर्च्या, दोन रिकाम्या. बहिणीला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

नुसती माणसं मोजली तर २८ जणांना या तीन टेबलांत वाटायच्या साठ हजार कोटींहून जास्त पद्धती निघतात, आणि त्यात टेबलांचे क्रमांक बदलून होणाऱ्या पद्धती धरलेल्याच नाहीत. पण लग्नाला माणसं सुटी येत नाहीत. ज्यांना एकत्रच बसवायचं त्यांची एक मोळी बांधली की प्रश्न एकदम आटतो. आमच्याकडे अशा सात मोळ्या झाल्या. नाती मुलीकडून सांगतो: आजी-आजोबा आणि त्यांना सांभाळणाऱ्या मावशी मिळून ३, मोठे काका सहकुटुंब ५, धाकटे काका ४, आत्याकडचे ४, मामाकडचे ४, कॉलेजच्या मैत्रिणी ५ आणि ऑफिसमधले ३.

आता दुसरी बाजू. गावाकडच्या जमिनीच्या वाटणीवरून मोठे काका आणि धाकटे काका बोलत नाहीत. आत्याने हिस्सा मागितल्यापासून तिचं दोघांशीही विळ्या-भोपळ्याचं. या तिघांना एका टेबलावर बसवणं म्हणजे जेवण सोडून सातबारा उघडणं.

गणितात याचं चित्र असं काढतात: प्रत्येक मोळी एक ठिपका, आणि ज्या दोघांना वेगळं ठेवायचं त्यांच्यामध्ये रेघ. टेबल म्हणजे रंग. रेघेने जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग द्यायचा नाही. शाळेत नकाशे रंगवताना शेजारच्या जिल्ह्यांना वेगळा रंग देतात, तोच हा नियम. चित्रात कुठे त्रिकोण दिसला, म्हणजे तिघांचं एकमेकांशी जमत नाही, तर तीनपेक्षा कमी टेबलांत भागणार नाही हे तिथेच कळतं. पण या त्रिकोणाचा फायदाही मोठा. मोठे काका टेबल एकवर, धाकटे दोनवर, आत्या तीनवर, हे डोळे झाकून ठरवता येतं, कारण टेबलांना स्वतःची ओळख नसते. उरल्या चार मोळ्या, प्रत्येकीला तीन पर्याय: ३ × ३ × ३ × ३, म्हणजे ८१. साठ हजार कोटींवरून ८१ वर आलो, तेही कागद-पेन्सिलीने.

मग खुर्च्या मोजायच्या. मोठ्या काकांच्या टेबलावर पाच जागा उरतात, बाकी दोन्ही टेबलांवर सहा-सहा. त्यात ३, ४, ५ आणि ३ बसवायचे. ८१ पैकी फक्त चार मांडण्या बसतात. चारही शेजारी ठेवून बघितल्या तर गंमत दिसते: प्रत्येक मांडणीत आजोबा आणि ऑफिसवाले एकाच टेबलावर येतात. आणि मोठ्या काकांच्या टेबलावर आजोबा एकाही मांडणीत येत नाहीत.

बहिणीला नेमकं तेच हवं होतं. आजोबा मोठ्या काकांकडे राहतात, त्यांना दुसरीकडे बसवलं तर काय दिसेल? “दोन खुर्च्या रिकाम्या आहेत ना, मग जमत कसं नाही?” हा तिचा प्रश्न सगळ्या यजमानांचा असतो. करून बघू. आजोबांचे तिघे काकांच्या पाचांबरोबर बसले, झाले आठ. दोन्ही रिकाम्या खुर्च्या याच टेबलावर अडकल्या. आता उरलेल्या दोन टेबलांवर मिळून बरोबर बारा जागा, सहा आणि सहा, आणि बसणारे मामाकडचे ४, मैत्रिणी ५, ऑफिसचे ३, म्हणजे बरोबर बारा. बेरीज चोख. पण ४, ५ आणि ३ यांतल्या कोणत्याही दोघांची बेरीज सहा किंवा कमी होत नाही: सात, आठ, नऊ. तीन मोळ्या, दोन टेबलं, त्यामुळे कुठे ना कुठे दोन एकत्र येणारच आणि टेबल उतू जाणार. खुर्च्या पुरेशा होत्या, त्या चुकीच्या तुकड्यांत रिकाम्या होत्या. डब्यात लाडू भरताना असंच होतं, डब्यात जागा दिसते पण अख्खा लाडू मावत नाही.

सुटकेचे दोन मार्ग होते. एक, ऑफिसची मोळी फोडायची: दोघे मामाकडच्यांबरोबर, एक जण मैत्रिणींबरोबर. ४ + २ सहा, ५ + १ सहा, एकदम घट्ट. दुसरा, एका टेबलाला अकरावी खुर्ची लावायची. हे टेबलाच्या व्यासावर अवलंबून. सहा फुटी गोल टेबलावर अकरा-बारा माणसं बसतात. पाच फुटी टेबल आठांचं, त्यावर दहा बसवले तर कोपर लागतं आणि अकरावा बसतच नाही. टेबलं पाच फुटी निघाली. ऑफिसमधल्या एकट्या माणसाला पाच अनोळखी मैत्रिणींमध्ये बसवणं बहिणीला पटेना. मला वाटतं तिचं बरोबर होतं. आजोबा आत्याकडे बसवायचं ठरलं, आजींनाही मुलगी हवीच होती.

आमची यादी हातावर सुटली, कारण ती लहान होती. पाहुणे वाढले की काय होतं याचं चांगलं उदाहरण प्रिन्स्टनमधल्या एका रसायन अभियंता जोडप्याचं आहे. स्वतःच्या लग्नाच्या १०७ पाहुण्यांसाठी त्यांनी ११ टेबलांचं गणित रीतसर समीकरणांत मांडलं आणि २०१२ मध्ये ते ‘ॲनल्स ऑफ इम्प्रॉबेबल रिसर्च’ या विनोदी विज्ञान नियतकालिकात छापून आणलं. पद्धत अशी की प्रत्येक दोन पाहुण्यांच्या ओळखीला गुण द्यायचे, आणि एका टेबलावरच्या ओळखींची एकूण बेरीज जास्तीत जास्त करायची. संगणकाने चांगली मांडणी शोधली, पण याहून चांगली नाहीच हे सिद्ध करता करता त्याचा दम निघाला.

रंग देण्याचा प्रश्न १९७२ साली रिचर्ड कार्पने दाखवलेल्या २१ अवघड प्रश्नांपैकी एक आहे. तो प्रत्येक वेळी झटपट सोडवणारी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही. शिवाय टेबलांचे क्रमांक संगणकाला फसवतात. अकरा टेबलांची नावं अदलाबदल केली तर एकच मांडणी ३,९९,१६,८०० वेगवेगळ्या रूपांत समोर येते, आणि सावध केलं नाही तर संगणक ही सगळी सोंगं खरी मानून तपासत बसतो. आपण मोठ्या काकांना आधीच टेबल एकवर खिळवलं, ते यासाठीच.

नुसत्या बेरजेवर विसंबलं तर आणखी एक घोटाळा होतो. नवऱ्याकडचा एखादा एकटा पाहुणा असतो, त्याची ओळख जेमतेम दोघांशी. बेरजेच्या दृष्टीने तो कुठेही गेला तरी फरक नगण्य, म्हणून बेरीज त्याला जिथे खुर्ची उरली तिथे ढकलते. एकूण गुण उत्तम, आणि तो बिचारा नऊ अनोळखी माणसांत पनीरकडे बघत बसलेला. त्यावर इलाज म्हणजे बेरजेआधी अट घालायची: प्रत्येकाच्या टेबलावर निदान एक तरी ओळखीचं माणूस हवं. आलेली यादी तपासताना मी एकूण गुण बघतच नाही, सर्वांत कमी गुणांचा पाहुणा कोण ते बघतो.

व्यवहारात लोक काय करतात? एक मांडणी घेतात आणि एकेकाला हलवून सुधारत जातात. आमच्या यादीत ते कसं अडतं बघा. टेबल एकवर मोठे काका आणि मैत्रिणी, दहा. दोनवर धाकटे काका आणि मामा, आठ. तीनवर आत्या, आजोबा, ऑफिस, दहा. आता एकही मोळी हलवता येत नाही: एक आणि तीन ही टेबलं भरलेली, दोनवर दोनच जागा आणि सर्वांत लहान मोळी तिघांची. एकेक हलवणारा इथे हात टेकतो.

सुटायची युक्ती १८७९ मधली. लंडनचा वकील अल्फ्रेड केम्प याने नकाशाला चार रंग पुरतात याची सिद्धता दिली. अकरा वर्षांनी तिच्यात चूक निघाली, पण तिच्यातली साखळी टिकली. दोनच टेबलं घ्या. मोठ्या काकांना दोनवर पाठवा. तिथे त्यांचं ज्यांच्याशी पटत नाही ते, म्हणजे धाकटे काका, उठून एकवर येतील. एकवर त्यांच्याशी न पटणारं आणखी कुणी असेल तर ते दोनवर, असं साखळी संपेपर्यंत. इथे ती लगेच संपते. आता एकवर धाकटे काका आणि मैत्रिणी, नऊ. दोनवर मोठे काका आणि मामा, नऊ. साखळी पूर्ण हलवली की भांडणं कधीच एकत्र येत नाहीत, फक्त खुर्च्या मोजायच्या उरतात. कार्डिफचे गणितज्ञ ऱ्हिड लुइस यांनी लग्नाच्या आसनयाद्यांना रंगांचं हे गणित लावलं आहे.

आमची यादी हॉलला गेली आणि आठवड्याने एका मैत्रिणीचं येणं रद्द झालं. बहिणीचा फोन: “एक खुर्ची सुटली, आता आजोबांना काकांकडे आण.” पुन्हा मांडलं. उरले ४, ४ आणि ३, टेबलांवर जागा सहा-सहा. कोणतेही दोन घ्या, सातच्या खाली बेरीज येत नाही. एकूण तीन खुर्च्या रिकाम्या, तरी नाही.

रिसेप्शनच्या दोन दिवस आधी ऑफिसमधल्या एकाने कळवलं, जमत नाही. तिघांचे दोघे झाले. मामाकडचे ४ आणि हे २, सहा. मैत्रिणी आत्याच्या टेबलावर, आजोबा मोठ्या काकांकडे. नावांची नऊ कार्डं हलवायची, बाकी सतरा जागच्या जागी. बहिणीने त्या न येणाऱ्या माणसाला पुढच्या आठवड्यात लाडवांचा डबा पाठवला, तो का आला हे त्याला अजून कळलेलं नाही.