उत्तरसूची चुकलेली नाही: लीगल रीझनिंगच्या उताऱ्यांबद्दल विद्यार्थी व पालकांसाठी

रविवारच्या मॉक टेस्टची उत्तरसूची संध्याकाळी लागते आणि सोमवारी सकाळपासून आमचा फोन वाजायला लागतो. मजकूर बहुधा एकच असतो : "सर, सत्ताविसाव्याचं उत्तर तुमच्याकडे चुकलंय. काकांना दाखवलं, ते शिवाजीनगर कोर्टात वकील आहेत." काकांबद्दल आदर आहेच. शिवाय काकांनी सांगितलेला कायदा बहुतेक वेळा बरोबरच असतो. तरीही त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या सूचीतलंच राहतं. हे एकेकाला अर्धा-अर्धा तास समजावण्यात आमचा सोमवार जातो आणि पुढच्या रविवारचा पेपर मागे पडतो. म्हणून हे पत्रक काढलं आहे. फोन करण्याआधी एकदा वाचावं, ही विनंती.

क्लॅटमध्ये लीगल रीझनिंगचे साधारण २८ ते ३२ प्रश्न असतात, एकूण १२० पैकी. २०२० पासून ते उताऱ्यांवर येतात. त्याआधी तत्त्व वेगळं आणि प्रसंग वेगळा असं सरळ छापलेलं असायचं; आता तत्त्व साडेचारशे शब्दांच्या उताऱ्यात कुठेतरी बसलेलं असतं आणि ते आपण शोधून काढायचं असतं. नियम मात्र तेव्हाचाच आहे. उताऱ्यात दिलेलं तत्त्व खाली दिलेल्या प्रसंगाला लावायचं. कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही, असं परीक्षा घेणारेच सांगतात. आमच्या अनुभवात ते नुसतं लागत नाही एवढंच नाही, तर अर्धवट असेल तर ते आडवं येतं.

उदाहरण म्हणून तो सत्ताविसावा प्रश्नच घेऊ, कारण सगळ्यात जास्त फोन त्याच्यावर आले होते. उताऱ्यातलं तत्त्व असं होतं :

"दुसऱ्याच्या मालकीची जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने जागेवरून हलवणे म्हणजे चोरी."

प्रसंग असा. समीरने आपली स्कूटर सदाशिव पेठेतल्या एका गॅरेजमध्ये दुरुस्तीला दिली. बिल झालं २,४०० रुपये. गॅरेजवाल्याने सांगितलं, पैसे द्या आणि गाडी न्या. समीर रात्री दुसरी किल्ली घेऊन आला आणि पैसे बुडवायच्या इराद्याने गाडी घेऊन गेला. ही चोरी झाली का?

आमच्या सूचीत उत्तर आहे : नाही. काकांचं उत्तर आहे : हो. आणि गंमत अशी की दोघांचंही बरोबर आहे, फक्त काकांना प्रश्नच दुसरा दिसला.

खऱ्या कायद्यात चोरीची व्याख्या मालकीवर उभी नाही, ताब्यावर उभी आहे. वस्तू कोणाच्याही ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय काढून घेण्याच्या अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ खाली याच धर्तीचं एक उदाहरण छापलेलं होतं : दुरुस्तीच्या पैशांपोटी घड्याळवाल्याने कायदेशीररीत्या ठेवून घेतलेलं आपलंच घड्याळ, त्याचं हे तारण बुडवण्याच्या इराद्याने घेऊन जाणारा माणूस चोरी करतो. काकांनी कॉलेजात हे पाठ केलेलं, त्यामुळे गॅरेज वाचलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ते घड्याळ येतं. पण आमच्या उताऱ्यात "ताब्यातील" हा शब्द कुठेच नाही. तिथे "दुसऱ्याच्या मालकीची" असं आहे. स्कूटरचा मालक समीरच. बाकीच्या सगळ्या अटी पुऱ्या होतात : वस्तू जंगम आहे, संमती नाही, हेतूही वाईट आहे. पण पहिलीच अट पडली की पुढचं सगळं वाया. म्हणून चोरी नाही.

आता हाच प्रसंग, शब्द न शब्द तसाच ठेवून, तत्त्वातला एकच शब्द बदलू : "दुसऱ्याच्या मालकीची" याऐवजी "दुसऱ्याच्या ताब्यातील". गाडी त्या रात्री गॅरेजवाल्याच्या ताब्यात होती. उत्तर फिरलं, चोरी झाली. समीर तोच, किल्ली तीच, २,४०० रुपये तेच. खालचा प्रसंग पाठ करून उत्तर काढणाऱ्याची इथेच फसगत होते, कारण त्याने हा प्रश्न कुठल्यातरी जुन्या संचात सोडवलेला असतो आणि त्याला तिथलं उत्तर आठवतं.

"पण तुम्ही असं खोटं तत्त्व देताच कशाला?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. काही पालक तर म्हणतात, मुलं चुकीचा कायदा शिकतील. त्यावर आमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आम्ही मुद्दाम काही उतारे खऱ्या कायद्याप्रमाणे ठेवतो आणि काहींत एखादा शब्द बदलतो. सगळे खरे ठेवले तर ज्याच्या घरात वकील आहे तो उतारा न वाचताच मार्क घेईल, आणि त्याला वाचायची सवय लागणार नाही. सवय लागली नाही हे त्याला कळेल थेट परीक्षेच्या दिवशी. खरा कायदा काय आहे ते आम्ही टेस्टनंतरच्या चर्चेत सांगतो. आधी सांगत नाही, कारण मग टेस्टला अर्थच राहत नाही. बाजारात स्वस्त प्रश्नसंच भरपूर आहेत. त्यांतले बरेचसे प्रश्न खऱ्या कलमांवरून सरळ उतरवलेले असतात, म्हणून ते सोडवताना बरं वाटतं.

याच उताऱ्यावर आणखी दोन प्रश्न होते. ते सांगतो, कारण तिथे चुका वेगळ्या झाल्या. दोन्ही प्रश्नांपुरतं तत्त्व "ताब्यातील" असं बदलून दिलं होतं.

पहिल्यात समीरने गाडी दोन फूट ढकलली आणि कुत्रं भुंकलं म्हणून तो पळाला. गाडी गॅरेजच्या आवारातच राहिली. निम्म्या वर्गाने लिहिलं, "चोरी पूर्ण झाली नाही, फक्त प्रयत्न." हे कायद्याच्या ज्ञानातून आलेलं नाही, साध्या बोलीभाषेतून आलं आहे, आपण घरात म्हणतो, चोरी फसली. पण तत्त्वात "जागेवरून हलवणे" एवढंच आहे. आवाराबाहेर नेणे नाही, घरी नेणे नाही. दोन फूट म्हणजे हललीच. चोरी झाली.

दुसऱ्यात समीरच्या बहिणीने त्याला फोनवर सांगितलं की बिल भरलंय. ते खोटं होतं, पण समीरला खरं वाटलं आणि त्याने रात्री येऊन गाडी नेली. इथे बऱ्याच जणांनी चोरी ठरवली, आणि कारण काय लिहिलं? "त्याने सकाळी येऊन गॅरेजवाल्याला विचारायला हवं होतं." विचारायला हवं होतं हे खरंच, पण ते उताऱ्यात नाही. उताऱ्यात "अप्रामाणिक हेतूने" आहे. पैसे दिलेत असं मनापासून समजणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक नाही. चोरी नाही. बाहेरचं ज्ञान म्हणजे फक्त कलमं नव्हेत, आजीने शिकवलेली नीतीसुद्धा त्यातच येते.

मग हे ओळखायचं कसं? आमच्या उत्तरपत्रिकेत प्रत्येक प्रश्नासमोर "कारण" असा एक रकाना असतो. बरेच जण तो रिकामा ठेवतात, वेळ नाही म्हणतात. त्यात एका ओळीत कारण लिहा आणि मग त्या ओळीतला प्रत्येक महत्त्वाचा शब्द उताऱ्यात बोटाने दाखवता येतो का ते बघा. "हेतू", "संमती", "हलवणे" दाखवता आले तर ठीक. पण कारणात कलमाचा आकडा आला, खटल्याचं नाव आलं, "खरं म्हणजे" किंवा "व्यवहारात" असे शब्द आले, की समजावं, आपण उताऱ्याबाहेर गेलो. सराव झाला की हा रकाना मनातल्या मनात भरता येतो, आणि परीक्षेत तेवढाच वेळ असतो.

आणखी एक तक्रार अलीकडे वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि चोरी आता कलम ३०३ मध्ये आहे. त्यामुळे जुन्या कलमाचा उल्लेख असलेला उतारा "रद्द" समजावा, असं काही जण सांगतात. तसं करू नये. उताऱ्यात जे तत्त्व आहे ते त्या चार-पाच प्रश्नांपुरता कायदा. ते पुस्तकात अजून आहे की नाही याने उत्तराला काही फरक पडत नाही.

उताऱ्यांत मात्र एक खरी अडचण असते. लेखक कधी नियम सांगतो, कधी त्यावर टीका करतो, कधी एखाद्या न्यायाधीशाचं अल्पमत सांगतो. "ताब्याऐवजी मालकी पाहायला हवी, असं काहींना वाटतं" असं वाक्य आलं तर ते तत्त्व नाही, मत आहे. प्रश्न "लेखकाच्या मते" असा विचारला तरच ते कामाला येतं. इथे चुकलं की एक नाही, त्या उताऱ्यावरचे बरेचसे प्रश्न जातात. प्रत्येक चुकीला पाव मार्क कापला जातो, म्हणजे येणारं उत्तर चुकवलं तर नुकसान सव्वा मार्काचं.

महाराष्ट्राच्या लॉ सीईटीचं गणित थोडं वेगळं आहे, हेही सांगायला हवं. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही आणि कायद्याच्या माहितीवर सरळ प्रश्नही येतात. तत्त्व दिलेलंच नसेल तर कलमं, खटले, राज्यघटना सगळं आठवावं. तत्त्व दिलेलं असेल तर तिथेही त्याच्याच मागे जावं. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांची गल्लत इथे होते, म्हणून आम्ही दोन्हींच्या टेस्ट वेगळ्या रंगाच्या कागदावर छापतो. त्याचा खर्च फीमध्ये धरलेला आहे. कागदाचे वेगळे पैसे मागत नाही.

आता उत्तरसूचीवरच्या हरकतींबद्दल. हरकत जरूर घ्यावी. आमच्याही चुका होतात. गेल्या महिन्यात एका प्रश्नात दोन पर्याय बरोबर ठरत होते आणि आम्ही सगळ्यांना मार्क दिले. पण हरकत फोनवर न घेता टेस्टच्या मागच्या पानावर लिहून, उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवरून ती घेतली आहे तो ओळीचा क्रमांक टाकून, बुधवारपर्यंत द्यावी. ओळीचा क्रमांक नसलेल्या हरकती वाचल्या जातात, पण उत्तर मिळत नाही. ओळ टाकलेल्या प्रत्येक हरकतीला शनिवारच्या शंकासत्रात उत्तर मिळतं. ते दोन तासांचं असतं आणि टेस्ट सिरीज घेतलेल्यांना त्याची वेगळी फी नाही. फक्त टेस्ट सिरीज घेऊन घरी सराव करणाऱ्यांनाही बसता येतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

काकांना घेऊन यायचं असेल तर शनिवारीच आणावं. खुर्च्या आहेत. त्यांना आधी उतारा वाचायला देऊ.